पाणी वाढले, पण कशामुळे?

गावात जलसंधारणाची कामे झाली आणि दुष्काळ हटला, अशा अर्थाचा मजकूर गेल्या दहा वर्षांत मराठी वाचकाने कितीतरी वेळा वाचला असेल. राज्य सरकारने डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू केले, २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि तेव्हापासून या मजकुराला जसा बहर आला तसाच त्याला खोडून काढणाऱ्या मजकुरालाही आला. दोन्ही बाजूंचा वाद बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो, आणि ते म्हणजे दिलेले आकडे खरे की खोटे. माझे म्हणणे असे आहे की आकडे पुष्कळदा खरेच असतात. खोट असते ती आकडा आणि निष्कर्ष यांच्यामध्ये जे वाक्य लिहायचे राहून जाते त्यात, आणि ते वाक्य शोधण्याची सवय नसल्यामुळे पाण्यासारख्या जिव्हाळ्याच्या प्रश्नावर आपण अर्धवट युक्तिवादांच्या आधारे कोट्यवधी रुपयांचे निर्णय स्वीकारत किंवा नाकारत राहतो.

हे नेमके कसे घडते ते दाखवण्यासाठी एक उतारा मी स्वतः रचला आहे. गाव आणि आकडे काल्पनिक आहेत, पण घडण नेहमीची आहे.

‘आमच्या गावात २०१६ च्या उन्हाळ्यात नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती आणि सिमेंट बंधाऱ्यांची कामे लोकसहभागातून पूर्ण झाली. मे २०१५ मध्ये गावातील विहिरींची पाणीपातळी जमिनीपासून ११ मीटर खाली होती. मे २०१७ मध्ये ती ८ मीटरवर आली. २०१६ मध्ये गावाला टँकर लागला होता, २०१७ मध्ये एकही लागला नाही. आज शिवारात १५० टीसीएम पाणी अडते. प्रत्येक गावाने अशी कामे केली, तर महाराष्ट्रातील दुष्काळ कायमचा संपेल.’

उताऱ्याचा दावा कोणता, असे विचारले तर बहुतेक जण शेवटच्या वाक्याकडे बोट दाखवतील, आणि ते चूक नाही. लेखकाला वाचकाकडून अखेर तेच मान्य करून घ्यायचे आहे. परंतु हा दावा एकटा उभा नाही. या गावात पाणी वाढले, हा पहिला दावा. ते या कामांमुळे वाढले, हा दुसरा. इतर गावांतही तसेच होईल आणि सर्व गावांनी एकाच वेळी केले तरी होईल, हा तिसरा. आता उतारा पुन्हा वाचून पाहावा. पहिला दावा आकड्यांसह मांडला आहे, तिसरा मोठ्या आवाजात मांडला आहे, आणि ज्याच्यावर सगळा भार आहे तो दुसरा दावा उताऱ्यात कुठेच लिहिलेला नाही. आधी कामे झाली असे सांगितले, मग पाणी वाढल्याचे सांगितले, आणि ‘म्हणून’ हा शब्द वाचकाने आपल्या मनात घातला. दावे सुटे करून लिहिण्याचा उपयोग एवढ्याचसाठी आहे की न लिहिलेला दावा त्यामुळे उघडा पडतो.

पुराव्याकडे येताना मी आकडे खरे मानून चालतो, कारण गावकऱ्यांवर किंवा सरकारी यंत्रणेवर संशय घेणे ही परीक्षणाची सुरुवात असू नये. विचारायचे ते असे, की हा आकडा नेमके काय मोजतो. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते: पावसाळा संपल्यावर, मग जानेवारीत, मार्चमध्ये आणि शेवटी मे महिन्यात. मे २०१५ ची नोंद, म्हणजे २०१४ च्या पावसाळ्यात जे मुरले त्यातून वर्षभराचा उपसा वजा जाता उरलेले पाणी. आणि मे २०१७ ची नोंद म्हणजे २०१६ च्या पावसाळ्याचा तसाच उरलेला शेष. टँकरचा आकडा विहिरीतले पाणी मोजतच नाही. टँकर मागणी आली, पाहणी झाली आणि मंजुरी मिळाली तर येतो. मधल्या काळात नळपाणी योजनेची मोटार दुरुस्त झाली तरी तो बंद होऊ शकतो. राहिला १५० टीसीएमचा आकडा. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, आणि हा आकडा बहुधा खोदलेल्या किंवा बांधलेल्या जागेच्या मोजमापावरून काढलेली क्षमता असतो. ती जागा त्या वर्षी किती भरली, एकदा भरली की पावसाच्या प्रत्येक मोठ्या सरीनंतर पुन्हा भरली, आणि त्यातले मुरले किती व उन्हाने उडाले किती, यांपैकी काहीही तो सांगत नाही. म्हणजे या तीन प्रकारच्या आकड्यांपैकी दुसऱ्या दाव्याच्या खऱ्या अर्थाने जवळ जाणारा एकच आहे, विहिरींची पातळी.

आणि नेमकी तिथेच कमकुवत कडी आहे. महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षे अवर्षणाची गेली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे अजून कोणी विसरलेले नाही. त्यानंतर २०१६ चा पावसाळा चांगला झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याच लातूर-बीड भागात नद्यांना पूर आले. उताऱ्यातील तुलना कोरड्या वर्षाच्या शेषाची ओल्या वर्षाच्या शेषाशी केलेली आहे. मध्यंतरी कामे झाली हे खरे, पण मध्यंतरी पाऊसही पडला. कामे झाली नसती तर मे २०१७ मध्ये पातळी किती असती, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय तीन मीटरची वाढ कामांच्या खात्यावर जमा करता येत नाही, आणि उताऱ्याने तर हा प्रश्न उपस्थितही केलेला नाही.

आपल्या न्यायशास्त्राने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, ही अडचण फार पूर्वी नेमकी ओळखली होती. धूर दिसला तर अग्नी आहे हे अनुमान नैयायिक मान्य करतात, पण अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे हे मान्य करत नाहीत, कारण धुरासाठी ओले सरपण लागते. ओले सरपण ही त्या अनुमानातील उपाधी, म्हणजे लपलेली अट. जिथे धूर तिथे ती असतेच, पण जिथे अग्नी तिथे ती असेलच असे नाही, आणि म्हणून अग्नीवरून धुराकडे जाणारी वाट तुटते. आपल्या उताऱ्यात अग्नीच्या जागी कामे आहेत, धुराच्या जागी वाढलेली पातळी आहे, आणि ओल्या सरपणाच्या जागी पाऊस आहे. पातळी वाढली त्या प्रत्येक वर्षी पुरेसा पाऊस होता. कामे झाली त्या प्रत्येक वर्षी तो असेलच असे नाही. युक्तिवाद तपासताना ‘यात उपाधी कोणती’ असा प्रश्न विचारण्याची शिस्त आपल्या परंपरेत आहे. ती वाद जिंकण्यासाठी नव्हे, तर अनुमान कुठवर ग्राह्य धरायचे हे ठरवण्यासाठी होती.

मात्र कमकुवत कडी सापडली म्हणजे दावा खोटा ठरला, असे मुळीच नाही. तेवढ्यावर थांबणारा वाचक उताऱ्याच्या लेखकाइतकीच घाई करतो. पुढची पायरी म्हणजे ती कडी भक्कम करता येईल असा पुरावा कोणता, हे सांगणे, आणि या बाबतीत तो फार दुर्मीळ नाही. त्याच ओढ्याच्या बाजूला, तसाच खडक असलेले आणि तेवढाच पाऊस पडलेले, पण कामे न झालेले एक गाव घ्यावे. समजा तिथे त्याच दोन वर्षांत पातळी ११.५ मीटरवरून ९.२ मीटरवर आली. म्हणजे नुसत्या पावसाने २.३ मीटरची वाढ झाली, आणि आपल्या गावच्या तीन मीटरपैकी कामांच्या वाट्याला अंदाजे ०.७ मीटर आले. ही तुलना करतानाही सावध राहावे लागते. शेजारचे गाव ओढ्याच्या खालच्या अंगाला असेल तर वरच्या कामांमुळे त्याच्याकडे येणारे पाणी घटलेले किंवा झिरपून वाढलेले असू शकते, आणि मग ते तुलनेसाठी उपयोगी राहत नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तर भरीव आणि सच्छिद्र थर एकाआड एक येत असल्यामुळे मैलभराच्या अंतरात विहिरींचा स्वभाव बदलतो. म्हणून एका शेजाऱ्यावर विसंबण्यापेक्षा चार-पाच गावे घेणे चांगले, आणि जोडीला आपल्याच गावाचे पूर्वीचे एखादे असे वर्ष घ्यावे ज्यात २०१६ इतकाच पाऊस पडला होता.

शेतकऱ्याकडे या बाबतीत असा पुरावा असतो जो कचेरीतल्या तक्त्यात सापडत नाही. ‘पाणी वाढले का?’ असे त्याला विचारले तर तो ‘हो’ म्हणेल, आणि ते खरेच असेल. पण त्यातून कारण कळत नाही. ‘यापूर्वी एवढाच पाऊस झाला होता त्या वर्षी तुमची विहीर किती महिने चालली होती, आणि आता किती चालते?’ असे विचारले तर तो क्षणभर विचार करून सांगतो की तेव्हा संक्रांतीपर्यंत मोटार दोन तास चालायची, आता होळीपर्यंत चालते. हे उत्तर पावसाला बाजूला काढून कामांविषयी बोलते. साक्षीदार तोच असला तरी प्रश्न बदलल्याने पुराव्याचे वजन बदलते.

आता ते ०.७ मीटर म्हणजे किती पाणी, हे पाहिले पाहिजे, कारण पातळीतील वाढ आणि पाण्यातील वाढ यांची गल्लत ही अशा मजकुरातील दुसरी न दिसणारी खोट आहे. विहिरीत पाणी मीटरभर चढले की डोळ्यांना ते मीटरभर पाणी दिसते. पण विहिरीबाहेर सगळा खडक आहे, आणि बेसॉल्टच्या झिजलेल्या थरात उपसता येण्याजोगे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण एक ते तीन टक्केच असते. दोन टक्के धरू आणि गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर मानू. सगळ्या शिवारात पातळी ०.७ मीटरने चढली तर वाढलेले पाणी १ लाख १२ हजार घनमीटर भरेल. प्रत्यक्षात ओढ्याकाठच्या विहिरी जास्त चढतात आणि माळावरच्या जवळपास चढतच नाहीत, त्यामुळे हा अंदाज उदार आहे. माणशी रोज ५५ लिटर धरले तर दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर पाणी लागते. म्हणजे वाढलेले पाणी पिण्यासाठी राखून ठेवले तर अडीच वर्षांहून अधिक काळ पुरेल. तेच पाणी पाटाने उसाला दिले, आणि हेक्टरी २० हजार घनमीटर हा माफक हिशेब धरला, तर साडेपाच हेक्टरांत, म्हणजे चौदाएक एकरांत ते संपून जाते.

या हिशेबानंतर उताऱ्यातील दावे पुन्हा जोखले तर ते सरसकट पडत नाहीत किंवा सरसकट टिकतही नाहीत. कामांमुळे गावाची पिण्याच्या पाण्याची ओढ कमी झाली, हा दावा, शेजारच्या गावाची तुलना खरी असेल तर, चांगल्यापैकी उभा राहतो. दुष्काळ कायमचा संपेल, हा दावा मात्र उभा राहण्यासाठी आणखी एक अट लागते, ती म्हणजे वाढलेल्या पाण्यावर गावाने नवा ऊस लावता कामा नये. हिवरे बाजारची कहाणी सांगणारे पुष्कळ लेख बांध, चर आणि झाडे यांवर थांबतात. पण त्या गावाने शेतीसाठी विंधन विहिरी घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर बंधने घातली, आणि दरवर्षी पावसाचा व पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरवली. त्यातला अर्धा भाग गाळून उरलेला अर्धा सगळ्या महाराष्ट्राला लागू करणे म्हणजे कारण बदलून परिणाम तोच राहील असे मानणे होय. शिवाय ‘प्रत्येक गावाने’ या दोन शब्दांत आणखी एक गृहीतक दडले आहे. एका गावाने ओढ्याचे पाणी अडवले तर खालच्या धरणाला ते जाणवणार नाही. खोऱ्यातील सगळ्या गावांनी अडवले तर कमी पावसाच्या वर्षी नक्की जाणवेल. ते अडवू नये असे मी म्हणत नाही. गावाचा पहिला हक्क मला मान्य आहे. पण मग वाढलेल्या पाण्यातला काही भाग नवा नसून खालच्या माणसाच्या वाट्यातून आलेला आहे, हे हिशेबात दिसायला हवे.

विरुद्ध बाजूच्या युक्तिवादाला हीच कसोटी लावणे मला तितकेच आवश्यक वाटते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले, २०१९ च्या उन्हाळ्यात हजारोंनी टँकर धावले, आणि त्यावरून अनेकांनी लिहिले की अभियानाचा सगळा पैसा मातीत गेला. यातही दावा आणि पुरावा यांच्यामध्ये पाऊसच उभा आहे. २०१८ चा पाऊस मराठवाड्यात फार अपुरा होता. कामे झाली नसती तर टँकर याहून किती जास्त लागले असते, हा प्रश्न या लिखाणातही विचारलेला नसतो. जी उपाधी समर्थकांच्या बाजूने काम करत होती तीच आता विरोधकांच्या बाजूने काम करते, एवढाच फरक. याच्याही पुढे एक मुद्दा आहे, आणि तो क्वचितच ध्यानात घेतला जातो. कामे यशस्वी झाली, पाणी मुरले, आणि त्या भरवशावर शेतकऱ्यांनी रब्बीत जास्त क्षेत्र भिजवले, तर मे महिन्यातील पातळी जैसे थे राहील किंवा खालीही जाईल. केवळ ती नोंद पाहणारा कामे फसली असे म्हणेल. म्हणून मुरलेले पाणी पाहायचे तर पावसाळ्यानंतरची पातळी पाहावी, आणि मे महिन्याच्या पातळीशेजारी त्या वर्षीचे ओलिताचे क्षेत्र ठेवावे.

महालेखापरीक्षकांचा या अभियानावरील अहवाल २०२० मध्ये विधिमंडळासमोर आला. सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यावर आणि भूजलपातळी वाढवण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि दोन्ही बाजूंनी तो सोयीप्रमाणे वाचला. काळजीपूर्वक वाचायचा तर अशा अहवालातील विधानांचे दोन गट करावे लागतात. कामांच्या देखभालीची तजवीज अपुरी होती, यासारखी निरीक्षणे पावसावर अवलंबून नाहीत. पाऊस कितीही पडो, गाळाने भरलेला बंधारा कमीच पाणी धरणार. अशा निरीक्षणांवरून व्यवस्थापन ढिले होते हा दावा सरळ सिद्ध होतो. भूजलपातळी खाली गेली किंवा टँकर वाढले, ही निरीक्षणे मात्र पावसाची आणि उपशाची जोड दिल्याशिवाय अभियानाच्या परिणामाविषयी निर्णायक काही सांगत नाहीत. एकाच दस्तऐवजातील काही अनुमाने भक्कम आणि काही सैल असू शकतात, आणि ‘अहवाल बरोबर की चूक’ हा प्रश्नच त्यामुळे फसवा ठरतो.

हे वाचन आपल्याला अवघड जाते याचे एक कारण शाळेत आहे. ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्या’ हा प्रश्न प्रत्येक मराठी मुलाने वर्षानुवर्षे सोडवलेला असतो, आणि त्यात उत्तर नेहमी उताऱ्यातच असते. उताऱ्यात काय म्हटले आहे ते शोधा, असे विचारले जाते. त्यात जे म्हटले आहे त्यासाठी आणखी काय खरे असावे लागेल, असे जवळपास कधीच विचारले जात नाही. स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गृहीतके आणि निष्कर्ष यांवरचे प्रश्न येतात, पण तिथेही चार पर्यायांतून एक खूण करायची असल्यामुळे, पर्यायात नसलेले गृहीतक स्वतः शोधून काढण्याचा सराव होत नाही. जो दावा लिहिलेलाच नाही तो ओळखणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि ते येण्यासाठी मुलांपुढे पाणी, पीकविमा, कर्जमाफी अशा त्यांच्या घराशी निगडित विषयांवरचे उतारे ठेवायला हवेत.

जलयुक्त शिवारच्या दुसऱ्या टप्प्याला राज्य सरकारने २०२२ च्या अखेरीस मंजुरी दिली. या टप्प्याच्या यशापयशाचे उतारे आता लिहिले जात आहेत आणि पुढेही लिहिले जातील. माझी मागणी एवढीच आहे, की कामे सुरू करण्यापूर्वीच तुलनेची गावे आणि मोजायच्या विहिरी ठरवून जाहीर कराव्यात, आणि पातळीच्या प्रत्येक आकड्याशेजारी त्या वर्षीचा पाऊस व ओलिताचे क्षेत्र छापावे. आधी जाहीर करण्यावर माझा भर आहे, कारण कामे झाल्यानंतर शेजारी निवडायची मुभा राहिली तर समर्थक कोरडा शेजारी शोधील आणि विरोधक ओला, आणि दोघांच्याही तुलनेतला प्रत्येक आकडा खरा असेल.